पीपीसीचं टेबल घ्यावं का?

*सर, अंबडच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत मी क्वालिटीला तेरा वर्षं आहे. गेली सहा वर्षं असिस्टंट मॅनेजर. माझ्यानंतर लागलेले दोघं डेप्युटी मॅनेजर झाले. दोघंही मध्ये दोन-दोन वर्षं प्रोडक्शनला जाऊन आले होते. आता प्लांट हेड म्हणतात, पीपीसीला, म्हणजे प्रोडक्शन प्लॅनिंग अँड कंट्रोलला या, ग्रेड आणि पगार तोच, 'लॅटरल मूव्ह' आहे. भाऊजी म्हणतात, हे सरळसरळ बाजूला सारणं आहे. करिअरवरच्या एका लेखात वाचलं की 'ग्लास सीलिंग' लागलं असेल तर 'लॅटरल मूव्ह' घ्यावी. दोन्ही शब्दांचा माझ्या बाबतीत नेमका अर्थ काय? चार वर्षांपूर्वी आमच्या एका मॅडमना असंच ट्रेनिंगला पाठवलं होतं, त्या अजून तिथेच आहेत.*
*— एक वाचक, सिडको, नाशिक*

ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात. त्या दोघांनी मध्ये प्रोडक्शनला दोन-दोन वर्षं काढली, हे ते वाक्य. माझ्या मते निम्मं उत्तर तिथेच आहे. त्यांची ती बदलीही लॅटरलच होती. फक्त तेव्हा तिला कुणी हा शब्द वापरला नसेल, 'जरा शॉप बघून ये' एवढंच म्हटलं असेल.

आधी शब्दांचं बघू. लॅटरल मूव्ह म्हणजे आडवी बदली. ग्रेड तोच, पगार तोच, काम आणि खातं वेगळं. सरकारी कागदात याला 'समकक्ष पदावर बदली' म्हणतात, आणि तो शब्द मला आवडतो, कारण त्यात चढल्याचा आव नाही आणि घसरल्याची लाजही नाही. कुठेतरी 'पार्श्व हालचाल' असंही भाषांतर वाचलं होतं. ते कंबरदुखीच्या व्यायामाला ठेवावं.

भाऊजी म्हणतात तसं बाजूला सारणंही आडव्या बदलीच्याच रूपात येतं, ही खरी अडचण. ऑर्डरचा कागद दोन्हीकडे सारखाच दिसतो. फरक कळतो तो त्या खुर्चीच्या इतिहासावरून, त्याकडे नंतर येतो.

ग्लास सीलिंग म्हणजे काचेचं छत. १९७८ मध्ये न्यूयॉर्कला एका परिसंवादात मॅरिलिन लोडेन या बाईंनी हा शब्द वापरला. त्या मोठ्या टेलिफोन कंपनीत मनुष्यबळाचंच काम करत. बायकांना बढती का मिळत नाही यावर तिथे बायकांच्याच आत्मविश्वासाबद्दल, कपड्यालत्त्यांबद्दल चर्चा चालली होती. लोडेनबाई म्हणाल्या, दोष त्यांच्यात नाही, वर छत आहे आणि ते दिसत नाही. पुढे १९८६ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने त्यावर मोठा लेख छापला आणि शब्द जगभर गेला.

छत काचेचंच का, हे लक्षात घ्या. दगडी छत असतं तर वर काय आहे ते दिसलंच नसतं, आणि कुणी तिकडे निघालंही नसतं. काचेतून डेप्युटी मॅनेजरची केबिन दिसते, त्यात बसणारा कालपर्यंत आपल्या शेजारी चहा पीत होता हेही दिसतं, आणि बायकांनी येऊ नये असा नियम कुठल्याही फाइलीत सापडत नाही. तरी डोकं आपटतं.

ते कसं बनतं हे मी पाहिलंय, म्हणजे बनवायला हातभारही लावलाय. सातपूरच्या एका कारखान्यात मी पर्सनलला होतो तेव्हाची गोष्ट. बढती समितीची बैठक, सहा जण, समोर पोह्यांच्या बशा. यादीत प्रोसेस इंजिनिअरिंगच्या एका बाईंचं नाव होतं. कामाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. मग एकाने विचारलं, "रात्री दोनला लाइन बंद पडली तर यांना बोलवता येईल का?" कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मी पुढचं नाव वाचलं आणि इतिवृत्तात त्यांच्यापुढे लिहिलं, 'सध्या विचार स्थगित'. ज्यांची निवड झाली ते गृहस्थ ओझरला राहायचे. पुढच्या दोन वर्षांत त्यांना रात्री दोनला एकदाही कुणी बोलावलं नाही. रात्रीची लाइन शिफ्ट इन्चार्ज आणि मेंटेनन्सवालेच सांभाळायचे, साहेब सकाळी आठच्या बसने यायचे.

त्या प्रश्नाचं मूळ मात्र हवेतलं नव्हतं. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ६६ प्रमाणे बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कामावर ठेवता येत नसे. सरकारने सवलत दिली तरी रात्री १० ते पहाटे ५ बंदच. हेतू संरक्षणाचा होता. पण कारखान्यात वर चढायची अलिखित अट असते, 'तिन्ही शिफ्ट चालवल्यात का?' कायद्यानेच तिसरी शिफ्ट बंद, मग अनुभव कुठून आणायचा? पुढे महाराष्ट्राने सुरक्षितता, ने-आण वगैरे अटींवर रात्रपाळीची मोकळीक दिली. कायदा सैल झाला, पण बैठकीतला तो प्रश्न तसाच राहिला.

तुमच्या डोक्यावर आहे ते काचेचं छतच आहे का, हे मात्र तपासायला हवं. प्रत्येक अडलेली बढती म्हणजे ग्लास सीलिंग नव्हे. क्वालिटी खात्यात मॅनेजरची एकच खुर्ची असेल आणि त्यावरचा माणूस निवृत्त व्हायला आठ वर्षं असतील, तर तिथे पुरुषही अडकतो. तिथे मुळात जिनाच नाही, छताचा प्रश्नच येत नाही. पारख अशी करा. गेल्या आठ-दहा वर्षांत तुमच्या ग्रेडवरून वर कोण कोण गेलं त्यांची नावं एका कागदावर लिहा. प्रत्येकासमोर किती वर्षांनी गेला आणि जाण्याआधी शेवटचं काम कोणतं करत होता, ते मांडा. मग खाली तुमच्या ग्रेडवर पाच वर्षांहून जास्त थांबलेल्यांची नावं लिहा. वरच्या यादीत सगळे पुरुष आणि खालच्या यादीत बहुतेक बाया आल्या, तर ते छत. दोन्हीकडे सरमिसळ असेल, तर कंपनी वाढत नाहीये किंवा तुमच्या कामातच काही उणं आहे, आणि मग उपाय वेगळा.

हा कागद करताना तुम्हाला आणखी एक गोष्ट दिसेल, आणि माझ्या मते तुमच्या प्रकरणात तीच कळीची आहे. जे वर गेले त्यांचं शेवटचं काम बहुधा प्रोडक्शन, प्लॅनिंग, मार्केटिंग असं असेल, म्हणजे ज्यातून माल निघतो आणि पैसा येतो ते काम. ज्या थांबल्या त्या क्वालिटी डॉक्युमेंटेशन, ट्रेनिंग, पर्सनल, अकाउंट्समध्ये असतील. कारखान्याच्या भाषेत पहिलं लाइनचं काम आणि दुसरं स्टाफचं. प्लांट हेड कुणाला करायचं हे ठरवताना बघतात ते एवढंच, याने कधी आकड्याची जबाबदारी अंगावर घेतली आहे का? स्टाफच्या कामात माणूस कितीही हुशार असला तरी या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं.

म्हणजे छताच्या आधी एक काचेची भिंत लागते. बायका एका मजल्यावरच्या काही ठरावीक खोल्यांतच फिरत राहतात, आणि जिना दुसऱ्याच खोलीतून निघतो. हे माझं डोकं नाही. अमेरिकेच्या सरकारने १९९१ मध्ये काचेच्या छताचा अभ्यास करायला खास आयोग नेमला होता, त्याच्या १९९५ च्या अहवालातही हे कारण नोंदलेलं आहे. बायकांना सुरुवातीपासून स्टाफच्या कामात कोंबलं जातं, म्हणून वरच्या रांगेत त्यांचं नावच येत नाही.

आपल्याकडचं उदाहरण सैन्याचं. २०१९ मध्ये सरकारने महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशन द्यायचं ठरवलं, पण फक्त स्टाफच्या जागांवर. तुकडीची कमान त्यांच्याकडे नाही. बबिता पुनिया प्रकरणात १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी सरसकट मनाई चालणार नाही, प्रत्येक अधिकाऱ्याचा तिच्या गुणांवर विचार करा. नोकरीची खात्री देऊन कमान नाकारली तर वरचा जिना बंदच राहतो, वादाचं मूळ ते होतं. आपल्या देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण होतं, आणि त्या तोफखान्यात महिला अधिकारी पहिल्यांदा आल्या त्या २०२३ मध्ये. भिंत अशी खोलीखोलीने पडते.

आता लेखातलं वाक्य पुन्हा वाचा. ग्लास सीलिंग असेल तर लॅटरल मूव्ह घ्या, हे अर्धंच खरं आहे. भिंतीच्या पलीकडे नेणारी आडवी बदली घ्यावी. भिंतीच्या अलीकडेच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणारी असेल तर तिच्यात नुसता टेबल बदलतो. तुमच्या त्या मॅडमचं असंच झालं. क्वालिटीतून ट्रेनिंग म्हणजे स्टाफमधून स्टाफमध्ये. त्यांना कुणी दुष्टपणे पाठवलं असेल असं नाही, ट्रेनिंगची जागा रिकामी असेल आणि 'मॅडम बोलतात छान' असंही कुणी म्हटलं असेल. अशा कौतुकापासून जरा जपून.

पीपीसी कोणत्या बाजूला येतं? खरं सांगायचं तर ते कंपनीवर अवलंबून आहे. काही ठिकाणी पीपीसी म्हणजे कारखान्याचं नाक. ग्राहकाचं महिन्याचं शेड्यूल येतं, त्यावरून रोज कोणत्या मशीनवर कोणता पार्ट किती काढायचा, कच्चा माल कधी लागेल, डाय बदलायला किती वेळ जाईल, हे ते टेबल ठरवतं. चाकणच्या ग्राहकाची लाइन आपल्या पार्टवाचून थांबायची वेळ आली तर दोन डबे स्पेशल गाडीने पाठवायचे की नाही, हेही तिथेच ठरतं, आणि त्या गाडीचं भाडं महिन्याअखेरीस प्लांट हेडच्या डोळ्यांत खुपतं. असं टेबल असेल तर ते लाइनच्या कामाइतकंच मोलाचं. दुसऱ्या काही ठिकाणी पीपीसी म्हणजे पाठपुराव्याची कारकुनी. प्लॅन प्रोडक्शन मॅनेजर तोंडी ठरवतात, पीपीसीवाला तो एक्सेलमध्ये भरतो आणि दिवसभर फोन करून 'माल निघाला का' विचारतो. नाव तेच, खोली वेगळी.

हे ओळखायला एक संध्याकाळ पुरते. सध्याच्या पीपीसीवाल्याशेजारी तासभर बसा आणि एवढंच बघा की प्लॅन बदलला तर कुणाच्या सहीने बदलतो. प्रोडक्शनने आपला सोयीचा पार्ट आधी चालवला तर हा त्यांना थांबवू शकतो, की नुसता मेल टाकतो? आणि सकाळच्या मीटिंगमध्ये डिस्पॅच का चुकला, हा प्रश्न कुणाकडे बघून विचारला जातो? तो प्रश्न ज्याच्याकडे बघून विचारतात, तिथे जबाबदारी आहे. शिव्या जिथे पडतात तिथूनच बढतीचा रस्ता जातो, हे कारखान्याचं जुनं गणित आहे.

मग खुर्चीचा इतिहास. तुमच्या आधी तिथे बसलेले शेवटचे तीन लोक आज कुठे आहेत? दोघं जरी वरच्या ग्रेडला किंवा प्रोडक्शनमध्ये मोठ्या जागी गेले असतील तर खुर्ची चालणारी आहे. एक कंटाळून सोडून गेला, एक तिथूनच निवृत्त झाला आणि एकाला परत स्टोअरला पाठवलं असं असेल, तर भाऊजींचं बरोबर आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा.

समजा सगळं बरं निघालं. तरी आडव्या बदलीत तीन ठिकाणी माणूस फसतो.

पहिली फसगत पैशाची. नवीन खात्यात पहिलं वर्ष काम शिकण्यात जातं, साहेब नवा, त्यामुळे अप्रेझलला 'चांगलं' ऐवजी 'बरं' मिळतं. तुमचा पगार मला माहीत नाही, पण हिशेबापुरता ५०,००० धरू. चांगल्याला १० टक्के वाढ आणि बऱ्याला ७ टक्के असेल तर महिन्याला १,५०० रुपयांचा फरक, वर्षाला १८,०००. आणि तो एका वर्षापुरता थांबत नाही, पुढच्या सगळ्या वाढी त्या कमी आकड्यावर बसतात. म्हणून बदली वर्षाच्या मध्यात असेल तर त्या वर्षीचं अप्रेझल जुन्या आणि नव्या साहेबांनी महिन्यांच्या प्रमाणात मिळून करायचं, हे आधीच ठरवून घ्या.

दुसरी फसगत दोन टेबलांची, आणि क्वालिटीवाल्यांच्या बाबतीत ती हमखास होते. तेरा वर्षांचा अनुभव असलेली बाई गेली की आयएटीएफ या वाहन उद्योगातल्या गुणवत्ता मानकाचं ऑडिट आलं रे आलं, फोन येतो, "मॅडम, एवढं जरा बघाल का?" एवढं म्हणजे तीन आठवडे. तिकडे प्लॅन कोलमडतो आणि पीपीसीत तुमचं नाव खराब होतं. हस्तांतराची तारीख कागदावर घ्या. तोवर तुमच्या जागी कोण बसणार त्याचं नाव ठरवायला लावा, त्याला एक अंतर्गत ऑडिट तुमच्यासमोर करू द्या, आणि मग किल्ल्या खरोखर द्या. आपल्याशिवाय खातं चालत नाही ही भावना सुखाची असते, पण तीच तुम्हाला तिथे बांधून ठेवते. माझ्या पाहण्यात बढती चुकलेल्या निदान दोघी अशा होत्या की 'त्यांना हलवलं तर क्वालिटीचं काय' म्हणून त्यांना हलवलंच नाही.

तिसरी फसगत मुदतीची. तोंडी 'दोन वर्षांनी बघू' म्हणणारा साहेब दोन वर्षांनी त्या कंपनीत असतोच असं नाही. अंबडात प्लांट हेड किती वेगाने बदलतात ते तुम्ही मला सांगायला नको.

म्हणून तोंडी हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. प्लांट हेडना एक छोटा मेल करा. मी असतो तर असा लिहिला असता:

"सर, पीपीसीची जबाबदारी घ्यायला मी तयार आहे. माझी विनंती अशी की बदलीच्या आदेशात ग्रेड आणि ज्येष्ठता दिनांक सध्याचाच राहील असा उल्लेख असावा. रोजच्या प्लॅनमध्ये बदल करण्याचा अधिकार या पदाकडे राहील का, हे कळावं. क्वालिटीचं हस्तांतर ठरलेल्या तारखेला पूर्ण होईल. १८ महिन्यांनी वेळेवर डिस्पॅच आणि स्पेशल गाड्यांचा खर्च या दोन आकड्यांवर माझ्या कामाचा आढावा घेऊन डेप्युटी मॅनेजर पदासाठी विचार व्हावा."

या मेलमध्ये बाई म्हणून एक शब्दही नाही, तो मुद्दामच टाळलाय. छत आहे हे तुमच्या कागदावरून तुम्हाला कळलं असेल, पण ते प्लांट हेडना पहिल्याच मेलमध्ये सांगून त्यांना बचावात ढकलण्याने तुमचं काम होणार नाही. कागद जपून ठेवा. १८ महिन्यांनी आकडे सुधारलेले असतील आणि तरीही कुणीतरी रात्री दोनचा प्रश्न काढला, तर तेव्हा तो बाहेर काढायचा आणि त्या दोघांना किती महिन्यांत बढती मिळाली ते शेजारी मांडायचं. तेव्हा उत्तर त्यांना द्यावं लागेल.

मेलला उत्तर काय येतं त्यावरून पुष्कळ कळेल. ज्येष्ठता दिनांकाला हो म्हटलं, आढाव्याची तारीख थोडी पुढे ढकलली, तर घ्या, एवढं मागेपुढे चालतं. "एवढं लिहायची काय गरज, विश्वास नाही का?" असं आलं आणि प्लॅनच्या अधिकारावर मौन राहिलं, तर ती खुर्ची कारकुनीची आहे. तशा वेळी पीपीसी नाकारून थेट प्रोडक्शनची एखादी लाइन मागा, ते दोघं गेले होते तीच. पहिली शिफ्ट चालेल, दुसरीही चालेल, तिसरीला कंपनीची गाडी असेल तर तीही, असं स्वतःहून सांगून टाका, म्हणजे बैठकीत तो प्रश्न तुमच्या पाठीमागे कुणाला काढता येणार नाही. घरचं जमणार असेल तरच हं. न जमणारी शिफ्ट कबूल करून तीन महिन्यांत सोडली तर पुढच्या बाईला ते ऐकवतील.

आणि हा मेल महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात टाकू नका. डिस्पॅचच्या गडबडीत प्लांट हेड तो वाचायचे नाहीत आणि वाचला तरी चिडून वाचतील. पाच-सहा तारखेला, सकाळची मीटिंग आटोपल्यावर टाका, आणि त्याआधी पीपीसीवाल्याशेजारी तो एक तास बसून घ्या.